सरासरी पासष्ट, जास्तीत जास्त साठ

मागच्या महिन्यात एका लांबच्या ड्राइव्हनंतर गाडी लावून आम्ही दोघं तसेच आत बसलो होतो, आणि शेजारी बसलेल्या भाचीने माझ्या फोनवर ट्रिपचा हिशेब उघडला. शेवटच्या टप्प्याचा. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, यात काहीतरी चुकलंय. अॅव्हरेज स्पीड पासष्ट दाखवतोय आणि मॅक्सिमम स्पीड साठ."

मी फोन हातात घेतला तर खरंच तसं होतं. सरासरी ही कमाल वेगापेक्षा जास्त! वर्गातल्या सगळ्यांची सरासरी उंची सगळ्यात उंच मुलापेक्षा जास्त निघावी तसलं काहीतरी. मग नकाशावरची रेघ बघितली आणि लक्षात आलं की मधे तो लांब बोगदा होता. बोगद्यात फोनला सॅटेलाइटचा सिग्नल मिळेना, त्यामुळे निळा ठिपका बोगद्याच्या तोंडाशी थिजून बसला, आणि आम्ही पलीकडून बाहेर पडल्याबरोबर त्याने टुणकन उडी मारून आम्हाला गाठलं.

ती बारावीला आहे आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांना मीन व्हॅल्यू थिअरम शिकवलं होतं. मध्यमान प्रमेय. तिच्या वहीत पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात दोन अटी लिहिलेल्या, फंक्शन बंद इंटरव्हलवर कंटिन्युअस हवं, आणि आतल्या प्रत्येक बिंदूला डिफरन्शिएबल हवं. गाडीपुरतं बोलायचं तर पहिलीचा अर्थ जागेत कुठेही उडी नको, आणि दुसरीचा अर्थ प्रत्येक क्षणी एक ठरलेला वेग हवा. प्रत्येक गणितात आधी या दोन ओळी लिहायच्या, त्याचे मार्क असतात, मग खरं काम सुरू. मीसुद्धा त्या वयात असंच लिहायचो. आणि आता त्यातली पहिली अट मोडल्यावर काय होतं ते तिच्या हातातल्या फोनवर आकड्यांसकट दिसत होतं, ही संधी मला सोडवेना.

आधी प्रमेय काय म्हणतं ते गाडीच्या भाषेत सांगतो. तुम्ही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलात, एकूण अंतर भागिले एकूण वेळ म्हणजे तुमचा सरासरी वेग. तर प्रवासात निदान एक क्षण असा येतोच की त्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा बरोब्बर त्या सरासरीवर असतो. जवळपास नाही, बरोब्बर. वाटेत तुम्ही कसेही चालवा, सिग्नलला थांबा, घाटात रखडा, मोकळ्या रस्त्यावर सुसाट जा, तो एक क्षण चुकवता येत नाही.

"पण हे तर उघड आहे ना," ती म्हणाली. "कधी काटा सरासरीच्या खाली असणार, कधी वर असणार. खालून वर जाताना मधला आकडा लागणारच. यासाठी थिअरम कशाला पाहिजे?"

हा प्रश्न फार चांगला आहे आणि जवळजवळ प्रत्येकाला पडतो, खरं तर बऱ्याच ठिकाणी प्रमेय समजावतात तेच असं. पण त्यात दोन गोष्टी गुपचूप गृहीत धरल्या जातात. पहिली अशी की काटा कधीतरी सरासरीच्या वर गेलाच असणार. का बरं? तो सगळा वेळ सरासरीच्या खालीच राहिला असता तर? "मग एवढं अंतर कापलंच गेलं नसतं!" बरोबर, पण फोनमधल्या ठिपक्याने नेमकं तेच करून दाखवलंय, पूर्ण वेळ पासष्टच्या खाली राहून पासष्टची सरासरी. म्हणजे जे उघड वाटतं तेच सिद्ध करायला हवंय. दुसरी गोष्ट अशी की वेग हळूहळू बदलतो, मधले आकडे गाळत नाही, हेही तिने धरूनच चाललं होतं, आणि प्रमेयाच्या अटींमध्ये वेग कंटिन्युअस असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. वेग प्रत्येक क्षणी नुसता असला पाहिजे. प्रमेय तिच्या युक्तिवादापेक्षा कमी मागतं आणि तेवढ्यावर पूर्ण उत्तर देतं. ते कसं जमतं हे कळायला एक दुसरी गाडी लागते.

समजा तुम्ही निघालात त्याच क्षणी त्याच ठिकाणाहून अजून एक गाडी निघाली. ती एकसुरी. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तुमच्या सरासरी वेगानेच जाणार, ना कमी ना जास्त. साहजिकच ती तुमच्याबरोबरच पोचणार, कारण सरासरीचा अर्थच तो. म्हणजे सुरुवातीला दोन गाड्यांमधलं अंतर शून्य आणि शेवटी पण शून्य. मधे काय होतं ते बघायचं.

एक ट्रिप आकड्यांत करून बघू. एक तास, ६० किलोमीटर, सरासरी ६०. उभ्या गाडीपासून सुरुवात, हळूहळू वेग वाढत अर्ध्या तासाला सगळ्यात जास्त, मग तसाच कमी होत होत शेवटी थांबलो. अशा प्रवासाचं सोपं सूत्र, t तासांत, s किलोमीटरमध्ये:

```
s(t) = 180t² − 120t³
v(t) = 360t − 360t²
```

अर्ध्या तासाला वेग ९० भरतो. आता सुरुवात बघा. आपली गाडी शून्यावरून निघतेय आणि एकसुरी गाडी पहिल्याच क्षणी साठने धावतेय, त्यामुळे आपण लगेच मागे पडायला लागतो आणि पडतच जातो. वेग वाढतोय, पण जोवर तो साठच्या खाली आहे तोवर पिछाडी वाढणारच, फक्त वाढायचा जोर कमी होत जातो. १२ मिनिटं ४१ सेकंदांनी आपण ५.७७ किलोमीटर मागे असतो, आणि ही सगळ्यात मोठी पिछाडी. यानंतर आपला काटा साठच्या वर जातो आणि आपण अंतर भरून काढायला लागतो. अर्ध्या तासाला तिला गाठतो, दोघीही तीस किलोमीटरवर. मग आपण पुढे, आघाडी वाढत वाढत ४७ मिनिटं १९ सेकंदांना परत तीच ५.७७ किलोमीटर, आणि तिथे आपला वेग पुन्हा खाली येताना साठला लागलेला असतो. तिथून ती आपल्याला गाठायला लागते आणि शेवटी दोघी एकदमच पोचतो.

हे दोन क्षण सूत्रातूनही येतात, 360t − 360t² = 60 सोडवलं की झालं. पण मला तिला दाखवायचं होतं ते वेगळंच, की काटा साठवर असण्याचे क्षण आणि दोन गाड्यांमधलं अंतर सगळ्यात जास्त असण्याचे क्षण हे एकच आहेत. आणि हा काही या सूत्राचा योगायोग नाही. पिछाडी सगळ्यात मोठी आहे असा क्षण धरा. त्या क्षणी आपण एकसुरी गाडीपेक्षा हळू असतो तर पिछाडी अजून वाढत असती, म्हणजे पुढच्याच क्षणी ती आत्तापेक्षा मोठी झाली असती, मग ही सगळ्यात मोठी कशी? आपण जास्त वेगात असतो तर पिछाडी आधीपासून कमी होत आली असती, म्हणजे क्षणभर आधी ती मोठी होती, मग पुन्हा ही सगळ्यात मोठी कशी? हळूही नाही आणि जोरातही नाही, उरलं काय, बरोबरीचा वेग. संपलं. हेच प्रमेय आहे, वर्गात g(x) नावाचं एक फंक्शन आकाशातून पडल्यासारखं फळ्यावर येतं ना, ते g म्हणजे दोन गाड्यांमधलं हे अंतर.

(आणि पिछाडी कधीच नसेल तर आघाडी धरा, तोच युक्तिवाद उलटा. दोन्ही कधीच नसतील तर आपण पूर्ण वेळ तिच्या शेजारून चाललोय, मग प्रत्येकच क्षण चालेल.)

इथे मला भास्कराचार्यांची आठवण येते आणि ती मी आवरत नाही. ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत त्यांच्यासमोर हाच प्रसंग होता, फक्त गाडीच्या जागी ग्रह. जुन्या ज्योतिर्गणितात एक 'मध्यम' ग्रह मानतात, जो कायम एकाच गतीने फिरतो, आणि एक 'स्पष्ट' ग्रह, जो खरोखर आकाशात दिसतो, कधी हळू कधी भरभर. दोघांमधल्या फरकाला फल म्हणतात. तर ग्रहाची स्पष्ट गती जिथे मध्यम गतीएवढी होते तिथेच हे फल सर्वात मोठं असतं, हे त्यांनी सांगितलंय. तात्कालिक गती हा शब्दही त्यांचाच वापरातला, म्हणजे त्या क्षणाची गती. त्यांनी हे प्रमेय मांडलं असं मी म्हणत नाही, अटी आणि सिद्धता घालून ते फार नंतर आलं, १६९१ मध्ये रोलने बहुपदींपुरतं, १७९७ मध्ये लग्रांजने, आणि १८२०च्या दशकात कोशीने जवळपास आजच्या रूपात. पण एकसुरी गाडी शेजारून सोडायची आणि फरक सगळ्यात मोठा कुठे ते बघायचं, ही दृष्टी त्या मध्यम ग्रहात आहेच.

आता अटी. वर जो चार वाक्यांचा युक्तिवाद केला त्यात एकेक अट कुठे वापरली गेली ते बघितलं की त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

"पिछाडी सगळ्यात मोठी आहे असा क्षण धरा" असं मी म्हटलं. पण असा क्षण असतोच कशावरून? कंटिन्युइटी लागते ती इथे. बंद इंटरव्हलवर, म्हणजे दोन्ही टोकं धरून, कंटिन्युअस असलेलं फंक्शन आपली सगळ्यात मोठी किंमत कुठेतरी घेतंच, हे वेगळं प्रमेय आहे आणि त्याच्यावर हे उभं आहे. ही खात्री गेली की काय होतं ते फोनमध्येच होतं, म्हणून मी तिला तोच हिशेब मांडायला लावला. आकडे थोडे गोल केलेत.

बोगद्याआधी १० मिनिटं, ताशी ६०, म्हणजे १० किलोमीटर. मग बोगदा, ६ किलोमीटर लांब, आम्ही तो ४ मिनिटांत पार केला, पण फोनच्या लेखी ती ४ मिनिटं ठिपका जागचा हलला नाही आणि शेवटी एका क्षणात ६ किलोमीटर पुढे गेला. मग परत १० मिनिटं साठने, १० किलोमीटर. एकूण २६ किलोमीटर, २४ मिनिटं, ताशी ६५. ठिपक्याचे वेग कोणते? साठ, शून्य, साठ. पासष्ट कुठेच नाही, पासष्टच्या वर तर नाहीच नाही.

आता शेजारून पासष्टने जाणारी एकसुरी गाडी सोडा. पहिल्या १० मिनिटांत ठिपका हळूहळू मागे पडतो, बोगद्याच्या तोंडाशी थिजल्यावर भराभर मागे पडतो, १४व्या मिनिटाला उडी मारायच्या बेतात असताना तो ५.१७ किलोमीटर मागे असतो. आणि त्याच क्षणी उडी, एकदम ०.८३ किलोमीटर पुढे. मग उरलेली १० मिनिटं ही आघाडी गळत गळत शेवटी शून्य. म्हणजे सगळ्यात मोठी पिछाडी आणि सगळ्यात मोठी आघाडी, दोन्ही त्या एका उडीच्या क्षणाला चिकटलेल्या. पिछाडी वाढायची थांबून कमी व्हायला लागते असं वळण कुठे आलंच नाही, ती वाढता वाढता नाहीशीच झाली. साठवरून पासष्ट ओलांडून नव्वदच्या पुढे जायचं काम आमच्या गाडीने बोगद्यात केलं, अंधारात, आणि फोनच्या हिशेबातून तेवढाच भाग गळाला. प्रमेयाने ज्याची हमी दिली होती तो क्षण तिथेच होता.

उडी मधे असायलाच पाहिजे असं नाही हं. फोन निघाल्यानंतर क्षणभराने जागा झाला आणि पहिल्याच क्षणी ठिपका दोन किलोमीटर पुढे सरकवला, किंवा पोचल्याच्या शेवटच्या क्षणी दुरुस्ती केली, तरी हेच होणार. म्हणून कंटिन्युइटी टोकांनाही मागतात. डिफरन्शिएबल मात्र फक्त आतल्या बिंदूंना पुरतं, टोकांना वेग नसला तरी चालतो, आणि त्याचं कारणही त्याच चार वाक्यांत आहे, टोकांना दोन गाड्यांमधलं अंतर शून्य असतं त्यामुळे सगळ्यात मोठी पिछाडी तिथे पडत नाही, ती आत कुठेतरी पडते, आणि वेग लागतो तो फक्त तिथे. वहीत पहिल्या अटीतले कंस चौकोनी आणि दुसरीतले गोल का असतात हे मला बारावीत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

"बरं, उडी नको हे पटलं," ती म्हणाली. "पण खऱ्या गाडीला उडी मारताच येत नाही. मग दुसरी अट कशाला?"

मी तिच्याच वहीतलं मागचं गणित काढलं. एक गाडी पहिला तास ताशी ६० ने आणि दुसरा तास ताशी १२० ने जाते, सरासरी काढा. १८० किलोमीटर, दोन तास, सरासरी ९०. आता सांग, गाडी नव्वदने कधी गेली?

ती गप्प. कधीच नाही. तास संपेपर्यंत साठ, तास संपल्यावर एकशेवीस. आणि इथे उडीबिडी काही नाही, गाडीची जागा कुठेही तुटत नाही, अंतराचा ग्राफ काढला तर कागदावरून पेन न उचलता काढता येतो. फक्त एका तासाच्या खुणेवर त्याला कोपरा आहे. एकसुरी गाडी नव्वदने सोडली तर आपण पहिला तास मागे पडत जातो, बरोबर एका तासाला ३० किलोमीटर मागे, आणि तिथून भरून काढायला लागतो. म्हणजे सगळ्यात मोठ्या पिछाडीचा क्षण या वेळी नीट सापडतो, कंटिन्युइटीने आपलं काम केलेलं आहे. पण त्या क्षणी वेग किती? आधीकडून बघितलं तर साठ, नंतरकडून बघितलं तर एकशेवीस, त्या क्षणाचा असा वेगच नाही. आपला युक्तिवाद म्हणत होता की तिथला वेग कमी नसावा आणि जास्त नसावा, म्हणून बरोबरीचा असावा, पण हे बोलायला आधी तिथे वेग असायला तर हवा. एका बिंदूने सगळं फिसकटलं, बाकी दोन तास फंक्शन कितीही गुळगुळीत असलं तरी.

आणि शाळेपासून आपण सोडवलेली सरासरी वेगाची बहुतेक सगळी गणितं अशीच असतात, अर्धा रस्ता अमुक वेगाने आणि अर्धा तमुक वेगाने, म्हणजे ज्या प्रमेयासाठी पुढे गाडीचंच उदाहरण देतात त्याची अट ही सगळी गणितं मोडतात! खऱ्या गाडीला साठवरून एकशेवीसला जायला काही सेकंद लागतातच, कारण एका क्षणात वेग बदलायचा तर अनंत जोर लागेल. ते काही सेकंद गणितात गाळलेले असतात, तो कोपरा जवळून बघितला तर खरं म्हणजे एक छोटंसं वळण आहे, आणि नव्वदचा क्षण त्या वळणात बसलेला असतो.

पण कोपऱ्यात आणि उडीत एक मोठा फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कोपऱ्याने बरोब्बर नव्वदचा क्षण गेला, तरी सरासरी साठ आणि एकशेवीसच्या मधेच राहिली. वेग कधीही एकशेवीसच्या वर गेला नाही तर दोन तासांत २४० किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही, हे कोपरा असूनही खरंच आहे. दोनचार कोपऱ्यांनी बरोबरी जाते, मर्यादा टिकते. उडीने दोन्ही जातं, म्हणून तर फोनमध्ये सरासरी कमालच्या वर निघाली. एखाद्या नोंदीत सरासरी सगळ्यात मोठ्या वेगापेक्षा जास्त दिसली की नोंद कुठेतरी तुटलीये असं डोळे मिटून समजावं.

रस्त्यावर लांब अंतरावर दोन कॅमेरे लावून सरासरी वेगावरून दंड करतात तो याच मर्यादेवर चालतो. समजा मधलं अंतर २४ किलोमीटर, वेगमर्यादा ८०, आणि तुम्ही १५ मिनिटांत पोचलात. सरासरी ९६. तुम्ही म्हणाल की दोन्ही कॅमेऱ्यांसमोर माझा वेग ८० च्या खाली होता, आणि ते खरंही असेल, पण ८० च्या आत राहून १५ मिनिटांत २० किलोमीटरच होतात, वरचे ४ आले कुठून? प्रमेय एवढंच म्हणतं की मधे कुठेतरी काटा बरोबर ९६ वर होता. कुठे, किती वेळ, किती वेळा, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, आपल्या तासाभराच्या ट्रिपमध्ये असे दोन क्षण निघाले, दुसऱ्या कुठल्या ट्रिपमध्ये एक निघेल नाहीतर पन्नास. वेग एकसारख्या दराने वाढत गेला असेल तर तो क्षण बरोबर अर्ध्या वेळेला येतो, पण ते त्या खास प्रवासाचं वैशिष्ट्य झालं.

मग तिनेच एक कोडं काढलं, जे मला खूप आवडलं. गोल ट्रॅकवर गाडी चालवली, एक फेरी मारून त्याच गेटपाशी आलो. सुरुवात आणि शेवट एकच, म्हणजे सरासरी वेग शून्य, म्हणजे मधे कुठेतरी गाडी थांबली असायला पाहिजे. पण ती तर थांबलीच नाही.

कुठली अट मोडली? उडी नाही, कोपरा नाही. दोन्ही अटी पाळूनही प्रमेय खोटं पडल्यासारखं दिसतं. मोडलेली गोष्ट वहीत अट म्हणून लिहिलेलीच नसते, ती अशी की फंक्शनची किंमत हा एक आकडा हवा. गाडीच्या मीटरवरचं अंतर हा एक आकडा आहे. ट्रॅक ५ किलोमीटरचा आणि फेरी ४ मिनिटांची असेल तर सरासरी ताशी ७५, आणि काटा ७५ वर एकदा तरी होता, प्रमेय व्यवस्थित लागू. पण नकाशावरची जागा म्हणजे दोन आकडे, पूर्व-पश्चिम किती आणि उत्तर-दक्षिण किती. प्रत्येक आकड्याला प्रमेय वेगवेगळं लागू होतं, एखाद्या क्षणी पूर्व-पश्चिम सरकणं शून्य असतं, दुसऱ्या एखाद्या क्षणी उत्तर-दक्षिण सरकणं शून्य असतं, पण ते दोन क्षण एकच असतील अशी हमी कुणी दिली? एकसुरी गाडी इथे गेटपाशी नुसती उभी आहे. तिच्यापासून आपण सगळ्यात लांब असतो तो ट्रॅकचा समोरचा बिंदू, आणि त्या क्षणी आपण तिच्यापासून लांबही जात नसतो आणि जवळही येत नसतो, पण चालत मात्र असतो, आडवे. सरळ रस्त्यावर आडवं जायला जागाच नसते म्हणून तिथे जाऊन परत यायचं तर थांबावंच लागतं. गोल ट्रॅकवर जागा आहे. बरोबरी इथेही गेली, मर्यादा मात्र टिकली, ताशी ७५ च्या आत राहून कुणी तासाभरात ७५ किलोमीटरपेक्षा लांब पोचत नाही, रस्ता कितीही वळला तरी.

वेग कंटिन्युअस नसला तरी चालतं असं मी मघाशी म्हटलं होतं, तेही तिने विसरू दिलं नाही. असं फंक्शन दाखव म्हणाली. दाखवलं:

```
s(t) = t² sin(1/t),   s(0) = 0
```

शून्याला याचा वेग शून्य आहे, पण शून्याच्या जरा बाजूला गेलात की वेग +१ आणि −१ च्या आसपास अखंड हेलकावे खातो, आणि शून्याच्या जितकं जवळ जावं तितके हे हेलकावे जास्त दाट. वेग प्रत्येक क्षणी आहे, पण शून्यापाशी तो कंटिन्युअस नाही. तरी पिछाडीचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा चालतो, कारण त्याला फक्त त्या एका क्षणाचा वेग लागतो, आजूबाजूला तो कसा वागतोय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आणि गंमत म्हणजे असा वेडावाकडा वेगसुद्धा मधले आकडे गाळू शकत नाही, हे दार्बूने १८७५ मध्ये दाखवलं. म्हणजे "खालून वर जाताना मधला आकडा लागणारच" हे तिचं पहिलं वाक्य शेवटी खरंच निघालं, पण ते सिद्ध करायलाही अंतराच्याच फंक्शनमधला कुठलातरी सगळ्यात वरचा किंवा सगळ्यात खालचा बिंदू पकडावा लागतो.

काळोख पडला होता तरी आम्ही गाडीतच होतो. तिने विचारलं की हे पुढे कुठे वापरतात, तर मी तिला इंटिग्रेशनचं पान उघडायला सांगितलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी अधिक C लिहितेस ना, ते एवढ्यावरच का भागतं? दोन फंक्शनचे वेग कायम सारखे असतील तर त्यांच्यातल्या फरकाचा वेग कायम शून्य. आणि वेग कायम शून्य असलेली गाडी जागची हलत नाही, कारण ती हलली असती तर कुठल्यातरी दोन वेळांमधली सरासरी शून्य नसती, आणि मग प्रमेयानुसार मधे एक क्षण शून्य नसलेल्या वेगाचा निघाला असता. म्हणून फरक म्हणजे एक ठरलेला आकडा, तो C. रोज पन्नास वेळा लिहितेस त्या C च्या मागे ही गाडी आहे.

ती बराच वेळ पानाकडे बघत होती. मग एका ओळीवर बोट ठेवलं, 1/x चं इंटिग्रेशन, log|x| + C. "मामा, पण इथे शून्यापाशी फंक्शनच नाहीये. रस्ता तुटलाय. मग डावीकडचा C आणि उजवीकडचा C एकच असायला पाहिजे असं कुठाय?"

कुठेच नाही, मी म्हटलं. तिने पेन काढलं, C खोडला, आणि तिथे C₁ आणि C₂ लिहिले, एक शून्याच्या अलीकडे, एक पलीकडे.